चेहरा बदललेला फोटो कसा ओळखायचा? कपाळ, कानशील, जबडा आणि मान यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकमध्ये लग्नाचे अल्बम डिझाइन करतो आणि फोटो रिटच करतो. ग्रुप फोटोत नेमके मामांचे डोळे मिटलेले असतात, मग शेजारच्या फ्रेममधला त्यांचा उघड्या डोळ्यांचा चेहरा आणून तिथे बसवायचा, हे आमचं नेहमीचं काम. त्यामुळे सांधा कुठे येतो आणि तो लपवताना काय काय निसटतं, ते रोज डोळ्यांसमोर असतं. हल्ली लोक याच्या उलटं काम घेऊन येतात. मोबाइल पुढे करतात आणि विचारतात, "दादा, हा फोटो खरा आहे का?" त्यांच्या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

चेहरा बदलतात म्हणजे फोटोतलं नेमकं काय बदलतात?

हे आधी समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. प्रकार दोन आहेत.

पहिला प्रकार अ‍ॅपने केलेला. अ‍ॅप फोटोतले डोळे, नाक, ओठांचे कोपरे असे बिंदू शोधतं, चेहरा सरळ करून एका लहान चौकोनात घेतं, त्या चौकोनात नवा चेहरा तयार करतं आणि पुन्हा मूळ जागी बसवतं. बसवताना वापरलेला मास्क, म्हणजे किती भाग बदलायचा ते ठरवणारा आकार, साधारण भुवयांच्या थोडा वरून सुरू होतो, कानांच्या अलीकडून गालांवरून उतरतो आणि हनुवटीशी संपतो. म्हणजे बदलतो तो चेहऱ्याचा मधला भाग. केस, कपाळाचा वरचा भाग, कान, मान, खांदे, हात हे सगळं जुन्याच माणसाचं राहतं. बऱ्याचदा जबड्याची बाहेरची रेषासुद्धा त्याचीच असते.

दुसरा प्रकार हाताने केलेला. फोटोशॉपमध्ये अख्खं डोकं केसांसकट कापून दुसऱ्या धडावर ठेवायचं. इथे कपाळ आणि कान डोक्याच्या मालकाचेच असतात. सांधा जातो मानेवर नाहीतर कॉलरच्या आत.

म्हणून फोटो समोर आला की आधी ठरवा, सांधा असलाच तर तो कुठे असायला हवा. अ‍ॅपच्या फोटोत मानेवर रेषा शोधत बसलात किंवा कापलेल्या डोक्याच्या फोटोत कपाळ तपासत बसलात, तर हाती काही लागणार नाही.

बघायला सुरुवात कुठून करायची?

आधी जी सगळ्यात चांगली प्रत मिळेल ती मिळवा. फॉरवर्ड होत आलेल्या फोटोपेक्षा ज्याने पहिल्यांदा टाकला त्याच्याकडून 'डॉक्युमेंट' म्हणून मागवलेला फोटो केव्हाही बरा. स्क्रीनशॉट तर नकोच. मग तो कॉम्प्युटरवर उघडा आणि ३०० टक्के मोठा करा.

आता डोळे आणि नाक सोडून द्या. ओळखीचे डोळे दिसले की आपलं मन लगेच "हा तोच" म्हणून मोकळं होतं आणि बाकीचं बघायचं राहून जातं. कपाळाच्या मध्यापासून निघा. तिथून डावं कानशील, कल्ला, कानासमोरची जागा, जबड्याचा कोपरा, हनुवटी, मग दुसरी बाजू आणि परत कपाळ अशी सावकाश फेरी मारा. दोन-तीन मिनिटं द्यावीच लागतात.

कडेवर काय दिसतं? मला तर रेष वगैरे काही दिसत नाही.

धारदार रेष हल्ली दिसतच नाही. मास्कची कड मऊ केलेली असते. आमच्या भाषेत 'फेदर' दिलेला असतो. त्यामुळे रेष शोधू नका, मऊपणा शोधा.

खऱ्या फोटोत कडांचा मऊपणा जागोजागी वेगळा असतो. फोकस डोळ्यांवर असेल तर पापण्या धारदार, कान किंचित मऊ, मागचे केस आणखी मऊ. जबड्याची कड मानेच्या सावलीवर येते तिथे स्पष्ट दिसते आणि उजेडाच्या बाजूला विरघळल्यासारखी होते. हे सगळं अंतरावर आणि उजेडावर ठरतं. बसवलेल्या चेहऱ्याभोवती मात्र एकाच रुंदीचा मऊ पट्टा फिरतो. कपाळावर जितका, गालावर तितकाच, हनुवटीपाशीही तितकाच. फेरी मारताना हा सारखेपणा जाणवला तर तिथे थांबा आणि पुन्हा बघा.

दुसरी खूण दुहेरी कडेची. नवा चेहरा जुन्यापेक्षा अरुंद असेल तर जुन्या जबड्याची कड बाहेर उरते. मग हनुवटीखाली किंवा जबड्याच्या कोपऱ्याशी एकाखाली एक अशा दोन फिकट कडा दिसतात. डबल चिनमुळेही दोन कडा दिसतात, पण तिथे मधल्या वळीत खरी सावली असते. बसवलेल्या चेहऱ्यात त्या दोन कडांच्या मध्ये सावली नसते, नुसता धुरकट पट्टा असतो.

तिसरी खूण त्वचेच्या पोताची, आणि माझ्या मते ही सगळ्यात भरवशाची. चेहरा बदलायला सर्रास वापरात असलेलं एक मोफत एआय मॉडेल नवा चेहरा फक्त १२८ बाय १२८ पिक्सेलमध्ये बनवतं. फोटोतला चेहरा ६०० पिक्सेल रुंद असेल तर तो जवळपास पाचपट ताणला जातो. ताणलं की धूसर होतं, म्हणून त्यावर चेहरा स्वच्छ करणारं दुसरं टूल फिरवतात. ते पापण्या आणि दात चकचकीत करतं, पण त्वचेवरची छिद्रं, बारीक लव आणि कॅमेऱ्यामुळे फोटोभर उमटणारे बारीक दाणे परत आणू शकत नाही. परिणाम असा की केसांलगतच्या कपाळावर दाणे आहेत, मानेवर आहेत, कानावर आहेत, आणि मधला चेहरा काचेसारखा गुळगुळीत. दाणे कुठे थांबतात ते बघत जा. मास्कची कड बहुतेक वेळा तिथेच सापडते.

केसांच्या रेषेजवळ काय तपासायचं?

कपाळावर उतरलेली बट बघा. खरी बट मुळापासून टोकापर्यंत जाते आणि तिची पुसट सावली कपाळावर पडते. अ‍ॅपने चेहरा बदलला की बट मास्कच्या आत शिरते तिथेच संपते. भुवईच्या दोन बोटं वर केस हवेत विरघळल्यासारखे दिसतात. कधी बट गायब होते आणि तिची सावली तेवढी उरते.

कानशिलावरही हेच. कल्ला कानासमोरून खाली येतो आणि गालाच्या बाजूला त्याची कड कधीच सरळ नसते, सुटे केस असतात. मास्क तिथून गेला असेल तर ते सुटे केस एका उभ्या रेषेत संपतात. चष्मा असेल तर त्याची काडी बघा. फ्रेम नव्या चेहऱ्याबरोबर पुन्हा काढली जाते, काडीचा कानाकडचा भाग जुनाच राहतो. जिथे दोन्ही मिळतात तिथे काडी किंचित खाली-वर सरकलेली, जाडी बदललेली किंवा पुसट झालेली सापडते.

अख्खं डोकं कापलेल्या फोटोत केसांच्या बाहेरच्या कडेला जुन्या बॅकग्राउंडचा रंग उरतो. निळ्या पडद्यासमोर काढलेला पासपोर्ट फोटो वापरला असेल तर केसांच्या टोकांना निळसर कड दिसते आणि मागे मात्र हिरवा द्राक्षमळा असतो. विस्कटलेले केस नीट कापणं फार किचकट काम आहे, म्हणून घाईत ते वरून गोल कापले जातात आणि डोकं हेल्मेट घातल्यासारखं दिसतं.

लग्नाच्या फोटोत वेगळं काही पाहायचं का?

हो, आणि आपल्याकडच्या लग्नात तपासायला सोपं जातं, कारण चेहऱ्याची कड ओलांडणाऱ्या वस्तू भरपूर असतात. मुंडावळ्या कपाळावर बांधलेल्या आणि दोन्ही कानशिलांवरून गालांवर लोंबणाऱ्या. म्हणजे एकच सर मास्कच्या बाहेर सुरू होतो, आत जातो आणि पुन्हा बाहेर येतो. मोती मोजत खाली या. बाहेर प्रत्येक मोती वेगळा, त्याच्यावर उजेडाचा ठिपका. आत आलं की मोती एकमेकांत मिसळलेले, ठिपके नाहीसे, कधी सर अर्ध्यावरच तुटलेला.

नथीचं तसंच. नवा चेहरा ज्या फोटोवरून घेतला त्यात नथ नसेल तर नाकपुडीवरचा भाग पुसला जातो, आणि गालाकडे आलेला एखादा मोती किंवा त्याची सावली तेवढी राहते. कपाळावरची चंद्रकोर मास्कच्या कडेवर येते, म्हणून तिची वरची टोकं स्पष्ट आणि खालचा बाक पुसट असा प्रकार दिसतो.

फेट्याच्या फोटोत मात्र केसांची रेषाच झाकलेली असते. तिथे फेट्याची सावली बघायची. घडीखाली कपाळावर सावलीचा पट्टा असतो आणि तो भुवयांकडे जाताना हळूहळू उजळतो. तो पट्टा मध्येच संपला असेल तर खाली दुसऱ्या उजेडातला चेहरा आहे.

चेहरा गोरा आणि मान सावळी आहे. म्हणजे फोटो खोटा ना?

नाही. या एका गोष्टीवरून लोक सगळ्यात जास्त चुकीचे निष्कर्ष काढतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

चेहरा आणि मान यांचा रंग निसर्गतःच वेगळा असू शकतो. हनुवटीखाली उजेड कमी पोचतो. नवरीला बेस लावताना मानेवर हात कमी फिरला असेल तर जबड्याशी चक्क रेष दिसते. हळदीच्या फोटोत गाल पिवळे आणि गळा तसाच राहिलेला असतो. मखमलाबाद किंवा दिंडोरीकडच्या बागेत दिवसभर राबणाऱ्या माणसाचा चेहरा उन्हाने रापलेला असतो आणि टोपी काढली की कपाळावर आडवी, सरळ, स्पष्ट रेषा दिसते. वर उजळ, खाली काळवंडलेलं. अगदी मास्कच्या वरच्या कडेच्या जागी! अशा खऱ्या फोटोला खोटं ठरवलं तर बिचाऱ्या माणसावर अन्याय होतो.

टोपीची रेषा आणि मास्कची कड यांत फरक असा, की उन्हाने रापलेल्या त्वचेचा रंग बदलतो, पोत बदलत नाही. सुरकुत्या, घामाची चमक, कॅमेऱ्याचे दाणे त्या रेषेच्या वर आणि खाली सारखेच असतात. आणि ती रेषा फक्त कपाळावर असते, कानशिलावरून वळून गालावर येत नाही.

मग रंगातली खरी गडबड कोणती?

गोरेपणा-सावळेपणा सोडा, उजेड कुठल्या रंगाचा आहे ते बघा. दुपारच्या उन्हात सावलीचा भाग किंचित निळसर होतो, कारण तिथे फक्त आकाशाचा उजेड येतो. पिवळ्या बल्बखाली सगळंच नारिंगी दिसतं. आजूबाजूच्या वस्तूही रंग फेकतात. हिरवा शालू नेसलेल्या बाईच्या हनुवटीखाली हिरवट झाक येते, भगव्या फेट्याखाली कपाळ तांबूस होतं. ही झाक चेहरा, कान, मान आणि हात यांवर एकाच हिशोबाने पडली पाहिजे.

रंग जुळवायची एक जुनी आणि अजून वापरात असलेली रीत अशी, की चेहऱ्याचा सरासरी रंग आणि त्यातला चढउतार मोजायचा आणि तो दुसऱ्या चेहऱ्याशी मिळवायचा. सरासरी जुळते, पण उजळ भाग आणि सावलीचा भाग वेगवेगळे जुळत नाहीत. म्हणून एकंदर रंग बरोबर वाटला तरी गालावरच्या सावलीची तुलना मानेवरच्या सावलीशी करा. एक राखाडी आणि दुसरी तपकिरी असेल तर दोन्हींवर पडलेला उजेड एक नाही.

दुसरी रीत २००३ साली पेरेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली, ती आज अनेक प्रोग्रॅममध्ये तयार मिळते. तिच्यात कडेवरचा रंग अचूक जुळवून फरक आतल्या बाजूला पसरवला जातो. कड इतकी सुंदर लागते की तिथे काहीच सापडत नाही. पण कडेला काळे केस किंवा लाल पदर टेकत असेल तर तो रंग आत गालात झिरपतो. कानाजवळच्या गालावर कारण नसताना मळकट किंवा लालसर ढग दिसला तर हे आठवा.

तुलनेसाठी सगळ्यात चांगली जागा म्हणजे कान. चेहऱ्याच्या इतक्या जवळ असूनही अ‍ॅपच्या मास्कमध्ये तो सहसा येत नाही. गालाचा आणि कानाचा रंग, दाणे, उजेडाची बाजू शेजारी-शेजारी ठेवून बघा.

हे डोळ्यांनी कळत नाही. एखादं सॉफ्टवेअर आहे का?

मोफत मिळणारं गिंप हे फोटो एडिटर पुरेसं आहे. फोटो उघडून `Colors > Hue-Saturation` मध्ये सॅच्युरेशन बरंच वाढवा. रंगांचे लपलेले फरक भडक होऊन वर येतात. त्याहून चांगला उपाय म्हणजे `Colors > Components > Decompose` मध्ये जाऊन `LAB` निवडणं. फोटोचे तीन थर होतात. एका थरात फक्त उजेड-अंधार राहतो. दुसऱ्यात हिरवा ते गुलाबी आणि तिसऱ्यात निळा ते पिवळा एवढाच फरक, तोही काळ्या-पांढऱ्यात. उजेडाचा थर बंद करून बाकीचे दोन एकेक करून बघा. खऱ्या फोटोत चेहरा, कान आणि गळा यांचा राखाडीपणा सलग वाहतो, ओठ तेवढे वेगळे दिसतात. बसवलेल्या चेहऱ्यात भुवयांवरून हनुवटीपर्यंत अंड्याच्या आकाराचा एक डाग उठून येऊ शकतो.

मेकअपमुळेही डाग उठतो हे लक्षात ठेवा. डागाची कड मेकअप जिथे थांबतो तिथे आहे, की गालाच्या मध्यावर जिथे थांबायचं काही कारणच नाही, ते बघून ठरवायचं.

मानेत काय बघायचं?

अख्खं डोकं बसवलं असेल तर इथेच सापडतं. डोकं उजवीकडे वळलं की डाव्या कानामागून छातीच्या हाडाकडे उतरणारा स्नायू ताठ दिसतो. डोकं चांगलं वळलेलं आहे आणि मान समोरून काढल्यासारखी सरळ, सैल आहे, हे जमत नाही. बारीक, वयस्कर चेहऱ्याखाली गुळगुळीत भरदार गळा असेल तर तिथेही थांबावं.

हनुवटीची सावली गळ्यावर पडते, तिचा आकार हनुवटीसारखाच हवा. टोकदार हनुवटीखाली रुंद, चौकोनी सावली असेल तर ती सावली दुसऱ्या कुणाची आहे. सावली अजिबातच नसेल आणि ऊन तर डोक्यावर असेल, तर मानेवर ब्रश फिरवलेला आहे. त्वचेचा एक तुकडा कॉपी करून दुसरीकडे चिकटवलेल्या, म्हणजे क्लोन केलेल्या मानेत एकच तीळ किंवा एकच वळी दोनदा येते.

एखादं पूर्ण उदाहरण सांगाल?

सिडकोतल्या एका शिक्षकांचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर फिरत होता. ओळख पटेल असे तपशील वगळून सांगतो. गंगापूर धरणाकडच्या एखाद्या वायनरीत बसल्यासारखं दृश्य, मागे टेकड्या, हातात वाइनचा ग्लास. त्यांची बहीण फोटो घेऊन आली. "आमचा दादा असल्या ठिकाणी कधी गेलेलाच नाही," एवढंच ती म्हणत होती.

पहिल्या नजरेला फोटो चांगलाच जमलेला. डोकं, केस, मान एकसंध, त्यामुळे कापून लावलेलं डोकं नाही हे कळलं. असलंच तर अ‍ॅपचं काम, म्हणजे सांधा कपाळ ते जबडा या पट्ट्यात.

फेरी सुरू केली. कपाळावर केस मागे वळवलेले, त्यामुळे तिथे बट वगैरे नव्हती. पण केसांलगतच्या कपाळावर दाणे होते आणि भुवयांच्या वर दीड बोटावर ते संपत होते. ही एक खूण, पण फोनचा ब्यूटी मोडही असं करतो, म्हणून पुढे गेलो.

कल्ल्यापाशी आलो तेव्हा खरं काम झालं. गळ्यावर आणि जबड्याच्या खालच्या बाजूला दोन-तीन दिवसांची दाढी होती. काळे-पांढरे खुंट अगदी मोजता येत होते. कल्ल्याच्या खालीही कानासमोर थोडे खुंट होते. गाल मात्र तुळतुळीत. दाढी न केलेल्या माणसाच्या गळ्यावर आणि कानासमोर खुंट, आणि गालावर एकही नाही, असं सहसा होत नाही. शिवाय खुंट जिथे थांबत होते ती रेषा वस्तऱ्याची नव्हती. कानासमोरून तिरकी उतरून हनुवटीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला तशीच वर जात होती. कपाळावर दाणे संपत होते ती जागा याच वळणाचं वरचं टोक होती. दोन वेगळ्या खुणा एकाच कडेवर आल्या.

मग कान. बहिणीकडे भावाचे घरचे फोटो होते. त्यांच्या कानाची पाळी खाली मोकळी, लोंबती. वाइनवाल्या फोटोतल्या माणसाची पाळी थेट जबड्याला चिकटलेली. कानाची ठेवण फोटोगणिक बदलत नाही. फक्त डोकं फार वळलेलं नसावं आणि दोन्ही फोटो जवळपास एकाच कोनातून असावेत, एवढं बघून घ्यायचं.

शेवटी मूळ फोटो शोधला. अख्खा फोटो गूगल लेन्समध्ये टाकला तर काही मिळालं नाही. मग चेहरा कापून टाकला आणि फक्त शर्ट, ग्लास, टेबल आणि टेकड्यांची रेषा एवढाच तुकडा टाकला. तेव्हा तोच शर्ट, तोच ग्लास, तीच टेकडी असलेला फोटो सापडला, चेहरा तेवढा भलत्याच माणसाचा. ती वायनरी नाशिकची नव्हतीच. मूळ फोटो शेजारी ठेवला की वाद संपतो, म्हणून चेहरा वगळून शोध घ्यायची ही युक्ती मी सगळ्यांना सांगतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो तपासता येतो का?

काही प्रमाणात. पाठवताना फोटो लहान होतो आणि फाइल हलकी करण्यासाठी नव्याने दाबला जातो. जेपीईजी ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनांत काम करतं आणि रंगाचा तपशील सहसा उजेडापेक्षा निम्म्याच बारकाईने ठेवतं. त्यामुळे जबडा-मानेच्या सीमेवर रंग सांडल्यासारखा दिसतो, दाणे पुसले जातात आणि खरा फोटोही संशयास्पद वाटू लागतो. अशा फोटोत दाणे आणि रंगाची कड यांना महत्त्व देऊ नका. कानाची ठेवण, तुटलेली चष्म्याची काडी, मुंडावळ्या, सावलीचा आकार, मानेचं वळण या मोठ्या गोष्टी दाबल्यावरही टिकतात.

चेहरा शंभरेक पिक्सेलपेक्षा लहान असेल तर मी सरळ सांगतो की यावरून काही बोलता येणार नाही. मोठ्या प्रतीशिवाय तपासणी होत नाही.

ब्यूटी मोड आणि पोर्ट्रेट मोडमुळे गोंधळ होतो का?

फार होतो. ब्यूटी मोड चेहरा शोधून तेवढाच गुळगुळीत करतो, मान तशीच सोडतो. पोर्ट्रेट मोड मागचं धूसर करताना केसांची टोकं आणि कानाची कड खाऊन टाकतो. दोन्ही खुणा चेहरा बदलल्यासारख्याच दिसतात. वेगळं काढायची सोय एवढीच, की ब्यूटी मोडमध्ये कान आणि कपाळाची ठेवण त्याच माणसाची राहते, आणि पोर्ट्रेट मोडची गडबड केसांच्या बाहेर, बॅकग्राउंडच्या बाजूला असते, चेहऱ्याच्या आत नसते. त्याच दिवशी त्याच फोनवर काढलेला दुसरा फोटो मिळाला तर शंका चटकन मिटते.

हल्ली काही फोन स्वतःच चेहरे बदलतात. गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ या फोनमध्ये अशी सोय दिली, की लागोपाठ काढलेल्या ग्रुप फोटोंतून प्रत्येकाचा चांगला चेहरा निवडून एका फोटोत बसवता येतो. सांधा खरा, पण माणूस तोच. म्हणून सांधा सापडला म्हणजे बदनामीचाच हेतू आहे, असं ठरवू नये.

'खरा की खोटा' सांगणाऱ्या वेबसाइट वापराव्यात का?

टक्केवारी देणाऱ्या साइटवर मी निर्णय सोपवत नाही. २०२० साली मांडलेली 'फेस एक्स-रे' ही पद्धत नेमकी मिसळलेली कडच शोधते, आणि कल्पना उत्तम आहे. पण फोटो लहान किंवा फार दाबलेला असला की तिलाही अडचण येते. फोटो पुन्हा दाबून कुठला भाग वेगळा दबतो ते दाखवणाऱ्या एरर लेव्हल अ‍ॅनालिसिसचे रंगीत ठिपके दाखवून लोक वाद घालतात. एकदा व्हॉट्सअ‍ॅपमधून गेलेल्या फोटोत ते ठिपके जवळजवळ निरर्थक असतात. शिवाय एखाद्या मुलीचा खाजगी फोटो अनोळखी साइटवर चढवणं म्हणजे तो आणखी पसरवणं, याचा विचार आधी करा.

काहीच सापडलं नाही, तर फोटो खरा समजायचा?

नाही. "बदल सापडला नाही" एवढंच म्हणता येतं. चांगल्या हाताने, मोठ्या फाइलवर, समोरून पडलेल्या मऊ उजेडात केलेलं काम वरच्या सगळ्या तपासण्यांतून निसटू शकतं. आणि पूर्ण फोटोच यंत्राने बनवलेला असेल तर त्यात सांधाच नसतो, कारण जोडलेलं काही नसतं. तिथे कड शोधून उपयोग नाही. चेहरा तोच, पण जागा आणि प्रसंग खोटा, असंही असतं.

उलट बाजूनेही तेवढंच जपा. एका खुणेवर निकाल देऊ नका. दोन वेगळ्या प्रकारच्या खुणा एकाच कडेवर येतात का, हे पाहूनच मी बोलतो.

माझाच किंवा घरातल्या कुणाचा असा फोटो फिरत असेल तर काय जपून ठेवायचं?

आलेली फाइल आहे तशी ठेवा. क्रॉप करू नका, त्यावर लाल गोल काढू नका. खुणा दाखवायच्या असतील तर कॉपी करून तिच्यावर दाखवा. ज्या मेसेजमधून फोटो आला तो डिलीट करू नका. नंबर, तारीख, वेळ आणि ग्रुपचं नाव दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, लिंक असेल तर ती लिहून ठेवा. ज्या खऱ्या फोटोतून चेहरा उचलला असावा तो तुमच्याकडे असेल तर मूळ फाइलसह जोडा. चेहऱ्याचा कोन आणि हसू दोन्हीकडे जुळलं की सांगणं सोपं जातं.

तक्रार `cybercrime.gov.in` वर करता येते, किंवा नाशिक शहर पोलिसांच्या सायबर पोलीस ठाण्यात जाऊन. पैसे मागितले असतील किंवा दिले गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा. अंतरंग स्वरूपाचा फोटो असेल आणि व्यक्ती सज्ञान असेल तर `StopNCII.org` वर फोटो न चढवता त्याचा फक्त अंकरूपी ठसा देता येतो आणि सहभागी प्लॅटफॉर्म त्यावरून तो अडवतात. लहान मुलीचा किंवा मुलाचा असा फोटो आला तर तो पुरावा म्हणूनसुद्धा कुणाला फॉरवर्ड करू नका. फोन घेऊन थेट पोलिसांकडे जा.

तक्रारीसोबत तुमची निरीक्षणं जोडताना जागा नेमकी लिहा. "फोटो खोटा वाटतो" यापेक्षा "गळ्यावर आणि कानासमोर दाढीचे खुंट आहेत, गालावर नाहीत; डाव्या कानाची पाळी जबड्याला चिकटलेली आहे, सोबतच्या मूळ फोटोत ती मोकळी आहे" असं लिहिलं की तपास करणाऱ्याला पहिल्याच वाचनात कुठे बघायचं ते कळतं.